दहाव्या स्लाइडपासून पुढे

ताईच्या घशाचं ऑपरेशन सोमवारी होतं. स्वरयंत्रच काढणार होते, म्हणजे आवाज कायमचा जाणार. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस कशी बदलायची हा धडा ती नर्सिंगच्या शाळेत वीस वर्षं शिकवत होती. निदान तेवढा तरी तिच्या आवाजात मागे राहावा, म्हणून शनिवारी आम्ही दोघी बहिणी लॅपटॉप घेऊन बसलो.

शाळेची अट होती, व्हिडिओ पंधरा मिनिटांच्या आत आणि दोनशे एमबीच्या खाली. मी कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे हुकूम सोडायचं काम माझं. चोवीस स्लाइड होत्या, प्रत्येकीवर आवाज वेगळा साठवला जात होता.

"स्लाइड बदलताना बोलू नकोस, तेवढे शब्द कापले जातात."

"मी काय तुझी विद्यार्थिनी आहे का गं?" ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. पण संध्याकाळपर्यंत तिनं सगळ्या स्लाइड पुऱ्या केल्या.

रविवारी तिचा फोन आला. नवव्या स्लाइडवर मध्येच खोकली होती.

"तेवढीच परत रेकॉर्ड कर आणि सेव्ह कर," मी म्हटलं. "दहा कॉप्या करून घोळ घालू नकोस." झाल्यावर रेकॉर्डिंग थांबव, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

मंगळवारी दवाखान्यातल्या बाकावर बसून मी त्या स्लाइडचा व्हिडिओ बनवला. दर्जा मध्यम ठेवला, फोटो आधीच हलके केले होते. साठ एमबी, सहा मिनिटं! मला आनंद झाला, माझी अक्कल बघा. मग तो लावून पाहिला.

नववी स्लाइड छान झाली होती, खोकला नव्हता. दहावी दोन सेकंदांत गेली, अकरावीही तशीच. नववी संपल्यावर ताईनं रेकॉर्डिंग चालूच ठेवून पुढच्या स्लाइड भराभर पाहिल्या होत्या, नीट आहेत ना म्हणून. प्रत्येकीवरचा जुना आवाज पुसला गेला आणि तिथे शांतता भरली गेली. वर फाइल सेव्ह. दुसरी कॉपी नाहीच.

दहाव्या स्लाइडवर लिहिलं होतं, 'हात लावण्याआधी पेशंटशी बोला.'

आठ दिवस मी टाळलं. शेवटी ताईला सांगितलं आणि तिच्यासमोर रडले. ती रडली नाही. वही ओढून तिनं लिहिलं, 'उरलेल्या कोणाच्या आवाजात?'

"शाळेतले तुझ्या जागी आलेल्या नव्या बाईंच्या म्हणतायत. तुझ्या नऊ तशाच ठेवू, ताई."

तिनं नकारार्थी मान हलवली. 'पोरींचं लक्ष उडेल. धडा एका आवाजात हवा. माझ्याही काढ.'

माझा हात काही चालेना. मग तिनंच लॅपटॉप मांडीवर घेतला, सगळ्या स्लाइडवरचा आवाज पुसायचा पर्याय शोधला आणि दाबला.

नव्या बाई स्पष्ट बोलतात. व्हिडिओ चौदा मिनिटांचा झाला, एकशे तीस एमबीचा. शाळेनं त्याच दिवशी घेतला.

ताईच्या आवाजातला तो सहा मिनिटांचा व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. एकदा मी ताईला विचारलं, लावू का? तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.