डांबरी रस्त्यावर मारायचं नाही

चार गावांच्या बायकांची स्पर्धा होती आणि दोन गावं आलीच नाहीत. त्यांची गाडी वाटेत बंद पडली, आणि सगळे चेंडू होते त्याच गाडीत! उरलो आम्ही आणि पलीकडचं गाव. त्यांची कप्तान, म्हणजे बसवरची कंडक्टर, तिच्या पिशवीत एक कोरा लाल चेंडू निघाला. पंच झालेल्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, "पंधरा-पंधरा षटकं, एकेकच डाव, दोन्ही संघांना हाच चेंडू."

नाणेफेक कंडक्टरने जिंकली आणि नवा चेंडू हातात घ्यायला म्हणून गोलंदाजी घेतली. इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

माझी धाकटी जाऊ आमची मुख्य गोलंदाज. शहराच्या संघासाठी खेळाडू निवडणाऱ्या बाई खास तिला बघायला आल्या होत्या, आणि त्या पुन्हा या बाजूला फिरकणार नव्हत्या. धाकटीने मला कोपऱ्यात ओढलं.

"ताई, हाच चेंडू नंतर माझ्या हातात येणार. त्या एकच बाजू घामाने घासून चकचकीत ठेवतील, दुसरी आपोआप खडबडीत होईल. शिवण सरळ धरून टाकला की चेंडू खडबडीत बाजूकडे वळतो. तेच तर बाईंना दाखवायचंय!"

"मग दाखव की. मी काय करू?"

"हिरवळीवरूनच खेळा. पलीकडच्या डांबरी रस्त्यावर उचलून मारू नका. एकदा चेंडू तिथे आपटला की चकाकी खलास."

आता सांगा, मला येतं तेवढंच! पाय पुढे टाकायचा आणि रस्त्यापार भिरकवायचा. पण घरातली पोर पुढे जाते आहे म्हटल्यावर मी हो म्हटलं. सलामीला गेले आणि फरशी पुसावी तशी बॅट जमिनीलगत फिरवत राहिले. एकेक धाव. आखूड चेंडू छातीपाशी येत होते, हात शिवशिवत होते, आणि मी ते सोडून देत होते. बाहेरून आमच्याच बायका ओरडत होत्या, "अहो, झोप लागली का?" तिकडे कंडक्टर आणि तिच्या मैत्रिणी चेंडू मांडीवर घासघासून आरसा करत होत्या, आणि धाकटी पॅड बांधून बसल्या बसल्या खूश होत होती. माझा जीव जात होता.

विकेट पडत गेल्या. शेवटच्या षटकात धाकटी माझ्या समोरच्या टोकाला आली. धावफलक बघवत नव्हता. शेवटचा चेंडू तिच्या वाट्याला. कंडक्टरचा हात घसरला आणि चेंडू टप्पा न पडताच सरळ कमरेपाशी आला.

धाकटीने उचलून मारला.

असा मारला की माझी मान वर गेली ती वरच राहिली. कुंपणावरून, बाभळीवरून, थेट डांबरी रस्त्यावर! खाडकन आवाज इथवर आला. पंचांनी दोन्ही हात वर केले. धाकटीने दोन्ही हात डोक्याला लावले.

"काय केलंस गं हे?"

"ताई, हातून गेला... इतका सोपा होता हो."

सोपा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याकडे आलेले अर्धे चेंडू सोपेच होते.

चेंडू परत आला तेव्हा गुळगुळीत बाजूचं कातडं खरवडून निघालं होतं आणि शिवणीचा दोरा उसवून वर आला होता. धाकटी पंचांकडे धावली.

"बदलून द्या."

"एवढाच जुना दुसरा असेल तर देतो. आहे?"

नव्हता. त्यांचा डाव सुरू झाला. यष्टीमागे मीच होते, त्यामुळे सगळं मला नीट दिसत होतं. दोन्ही बाजू सारख्याच खडबडीत. चेंडू वळणार कुठे? रुळावरून चालल्यासारखा सरळ येत होता आणि कंडक्टर तो सरळच परत पाठवत होती. धाकटी शिवण फिरवून बघे, घासून बघे, रडवेली होई. एक षटक शिल्लक असतानाच आम्ही हरलो. राग होताच, पण त्या पोरीचं तोंड बघवेना.

बाई मैदानात आल्या. मी आधीच पुढे झाले.

"बाई, चेंडू खराब झाला हो. एरवी ती फार छान वळवते."

"असेल," बाई म्हणाल्या. "वळवणाऱ्या आमच्याकडे चार आहेत. रस्त्यावर मारणारी एकही नाही." मग धाकटीकडे वळून, "सोमवारी ये. बॅट घेऊन."

धाकटी माझ्या गळ्यात पडली. मी तिला थोपटलं, खरंच आनंद झाला मला. आणि त्याच वेळी वाटलं, कुठेतरी डोकं आपटून घ्यावं. बाईंची गाडी धूळ उडवत निघून गेली.

मैदान रिकामं झालं. तो फाटका चेंडू यष्टीपाशीच पडला होता. मी बॅट उचलली.

"टाक," मी धाकटीला म्हटलं.

"आत्ता? ताई, घरी..."

"टाक म्हणते ना. कमरेएवढा."

तिने गुपचूप टाकला. रस्त्यावर खाडकन वाजला.

आणायला तीच गेली.