एक चूक, एकदाच

"एकच चूक पुन्हा पुन्हा मोजू नकोस, रेणुका. माणूस एकदाच चुकलेला असतो."

थाओचा हा निरोप आला तेव्हा रेणुकाच्या मांडीवर तिची लेक सानवी तापाने फणफणली होती. स्वयंपाकघरातून चंपा, तिची सासू, ओरडत होती, "पोरीला आधी बघ गो! तुझा तो कागद काय पळून जातोय?" रेणुकाने एका हाताने लिहिलं, "बघते हां, चि थाओ." चि म्हणजे थोरली बहीण, एवढं व्हिएतनामी तिला थाओनेच शिकवलं होतं. आणि तिने ते काही बघितलं नाही.

मारुती मंदिराजवळ, मोबाइलच्या दुकानाच्या वर सुहास सरांचं छोटं ऑफिस. परदेशी प्रकाशकांचे संशोधन-लेख निरनिराळ्या भाषांत करून द्यायचं काम. त्या महिन्यात व्हिएतनामीत भाषांतर करणारी नवी माणसं घ्यायची होती. इंग्रजी लेखाचं एक पान सगळ्यांना द्यायचं, आणि दोन परीक्षकांनी ते तपासायचं. ते कसं तपासायचं याचं रुब्रिक, म्हणजे कोणत्या चुकीला किती गुण कापायचे ती चौकट, रेणुकाने बनवायची होती. तिला व्हिएतनामी वाचता येत नव्हतं. पण एम.ए. केलेलं, तक्ते नीट आखायची सवय, आणि शंका काढायचा स्वभाव. सुहास सर म्हणाले होते, "तुझ्यासारखी संशयी बाईच पाहिजे या कामाला."

थाओ हुए शहरातली, पन्नाशीची, एकटी राहणारी. ऑफिसचे व्हिएतनामी लेख कित्येक वर्षं तीच शेवटचे तपासत होती. तिच्याच सल्ल्याने रेणुकाने चौकट आखली: अर्थ, परिभाषा, भाषेचा ओघ, विद्वत्तेला शोभेल असा सूर. किरकोळ चूक, मोठी चूक, आणि अर्थाचा अनर्थ करणारी चूक. तिन्हींचं वजन वेगळं. परीक्षकाला नुसतं आवडलं नाही म्हणून गुण कापायचे नाहीत, हेही थाओनेच सांगितलं.

एका जागी मात्र दोघींचं बिनसलं. एकच चुकीचा शब्द पानभर आला तर? थाओचं म्हणणं, एकदाच मोजायचा. रेणुकाला भीती वाटली. एक परीक्षक एकदा मोजेल, दुसरा सगळे मोजेल, मग गुण जुळायचे कसे? प्रत्येक वेळी मोजा, असा सरळ नियम केला की वादच नाही. "निदान चार जणांवर आधी चालवून बघ," थाओने लिहिलं होतं. त्याला वेळ कुठे होता? नमुना म्हणून प्रकाशकाने पाठवलेलं एक भाषांतर होतं. परिभाषा त्याच्याशी ताडून बघा, असं लिहून रेणुकाने रुब्रिक पाठवून दिलं आणि सानवीला घेऊन डॉक्टरांकडे पळाली.

थाओने तीच शंका सुहास सरांना परत लिहिली. सर चहाचा कप हातात घेऊन रेणुकाच्या टेबलाशी आले.

"ही तुझी थोरली बहीण फार शहाणपणा शिकवते गं."

"सर, तिचा अनुभव..."

"असेल ना! मग बसू दे तिलाच परीक्षेला. सगळ्या जुन्यांना बसवू. नावं झाकून. नापास झाले ते बाहेर. बघू किती अनुभव आहे तो." शेजारच्या टेबलावरची श्रद्धा फिस्सकन हसली. रेणुकाही हसली. सरांच्या विनोदाला ती नेहमीच थोडं हसायची.

थाओ बसली. तक्रार न करता.

निकाल आले तेव्हा रेणुका खूश होती. दोन्ही परीक्षकांचे गुण असे जुळले होते की सर म्हणाले, "वा! याला म्हणतात चौकट!" मग झाकलेली नावं उघडली.

थाओ सगळ्यात खाली होती.

रेणुकाने तिचं पान काढलं. लेख होता वादळं सोसणाऱ्या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांचा, आणि त्याचा मुख्य शब्द जवळजवळ प्रत्येक वाक्यात होता. शब्दकोश लावून पाहिलं तर नमुन्यात त्यासाठी 'पुन्हा उभं राहण्याची ताकद' अशा अर्थाचा शब्द घेतला होता. थाओने 'सोसून टिकण्याची ताकद' अशा अर्थाचा घेतला होता. रेणुकाने हवामानावरचे व्हिएतनामी लेख शोधून काढले, अक्षरं लावून लावून ताडून पाहिली. जागोजागी थाओचाच शब्द. म्हणजे ती चूक नव्हतीच. आणि जाणत्या माणसाने करावं तसं थाओने एकदा धरलेला शब्द शेवटपर्यंत सोडला नव्हता. प्रत्येक वेळी मोठी चूक, प्रत्येक वेळी गुण कापलेले. बाकी पान स्वच्छ होतं. एक खूण नाही.

पहिल्या नंबरावरच्या पोराने त्याच गोष्टीसाठी कधी हा, कधी तो, कधी तिसराच शब्द वापरला होता. काही वेळा नमुन्याशी जुळला, म्हणून तो वाचला. धरसोड करणाऱ्याचे गुण कापायला चौकटीत घरच नव्हतं. परीक्षकांचे गुण जुळले होते, कारण दोघांच्या हातात एकच वाकडी पट्टी होती.

ती सरांकडे गेली. "सर, चूक माझ्या नियमात आहे. एकदाच मोजलं तर थाओ पहिली येते."

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे निकाल बघून नियम बदलायचा? बाकीचे नापास झालेत त्यांना काय सांगू? आमच्या रेणुकाची मैत्रीण होती म्हणून?"

"सगळ्यांचंच पुन्हा मोजू या ना."

"प्रकाशकाला निकाल गेला. कोणाच्या नावाने गेला? तुझ्या. चौकट चुकली असं मी कळवतो, पण मग चौकट करणारी पण बदलावी लागेल. कळवू?"

रेणुकाला सानवीचं औषध आठवलं, मुंबईत कंपनी बंद पडून घरी बसलेला नवरा, विनीत, आठवला. ती दाराकडे वळली.

"पत्र तूच पाठव तिला," सर म्हणाले. "तुमचं जमतं चांगलं."

पत्र ठरलेलंच असायचं. फक्त नाव बदलायचं. 'आपल्या कामाचा दर्जा आमच्या निकषांत बसत नाही.' रेणुकाने नाव भरलं. आणखी एक ओळ लिहिली, खोडली, परत लिहिली, खोडली. आणि पाठवलं.

उत्तर लगेच आलं. तिला वाटलं, आता शिव्या येणार. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पत्र मिळालं. सानवीचा ताप उतरला का?"

रेणुका 'हो' टाइप करत होती, तेवढ्यात स्क्रीनवरची निरोपांची खिडकी राखाडी झाली. काढून टाकलेल्या माणसाचं ऑफिसमधलं खातं लगेच बंद व्हायचं. निरोप जात नाही, येत नाही. सगळं बोलणं त्या खात्यातच व्हायचं. तिच्याकडे थाओचा फोन नंबर नव्हता, पत्ता नव्हता. खिडकीच्या कोपऱ्यातलं तिचं नाव तेवढं राहिलं, पुसट.

पुढच्या भरतीलाही तेच रुब्रिक वापरलं. सरांनी त्याला रेणुकाचं नाव दिलंय, कौतुकाने.

दरवर्षी पावसाळ्यात हुएतली नदी चढली की थाओ आपल्या दाराच्या पायरीचा फोटो पाठवायची: पाणी इथपर्यंत आलं, मी ठीक आहे. यंदा तिकडे पूर आल्याची बातमी रेणुकाने हातखंब्याच्या एसटीत, सानवीला मांडीवर घेऊन, मोबाइलवर पाहिली. फोटो येणार नव्हता, हे माहीत असूनही तिने ती खिडकी उघडून बघितली.

तुमच्यापैकी कोणी या भाषांतरांच्या कामात असेल, तिकडे कोणी ओळखीचं असेल, तर एवढं करा. हुए शहरात, नदीकाठच्या गल्लीत थाओ नावाची एक एकटी बाई संशोधनाचे लेख तपासायची. तिच्या दाराशी जाऊन बघा, ती आहे ना, बरी आहे ना. आणि तिला सांगा, पोरीचा ताप उतरला.