बोट उचलायचं राहून गेलं

रररररररर

हा र तुळशीरामकाकांनी काढलेला नाही. निदान त्यांना तसं वाटत होतं. त्यांचा हात तर केव्हाच मांडीवर आला होता, आणि पनवेलच्या तहसील कचेरीसमोरच्या त्या टायपिंग सेंटरात, पडद्यावर र मात्र चालत सुटला होता.

मांडीवरच्या हाताकडे त्यांनी चोरून पाहिलं.

आता इथे थोडं थांबायला हवं. तुळशीरामकाकांचे वडील उरणच्या खाडीवरचे. त्यांचे हात म्हातारपणी असे कापायला लागले की जाळं शिवायची सुई त्यांच्याकडून लोकांनी हलकेच काढून घेतली. कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. काका तेव्हापासून आपल्या बोटांवर नजर ठेवून होते. तीस-एक वर्षं टाइपरायटर बडवला, मग मोनालीने आपल्या या सेंटरात कॉम्प्युटरवर बसवलं, आणि महिनाभरात अक्षरं दुप्पट-तिप्पट यायला लागली. आपल्यालाही लागलं ते कापरं, असं त्यांनी मनाशी धरलं. आज संध्याकाळी मोनालीला सांगून टाकायचं, उद्यापासून येत नाही. सुई काढून घ्यायच्या आधी आपणच ठेवलेली बरी.

पण त्याआधी हा र.

“काका, सोडा आता त्याला!” मोनाली ओरडली.

“मी नाय धरला. बघ, हात कुठं हाय माझा!”

दुसरी कुठलीही की दाबली की र थांबे. मग पुन्हा एखाद्या शब्दात र आला की रेलगाडी सुरू. मोनालीने नियाजला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, दोन दुकानं पलीकडचा.

नियाजने आधी की-बोर्डची वायर काढली. र बंद. “म्हणजे आत भूत नाही. जे काय आहे ते यात आहे.” त्याने की-बोर्ड उलटा करून झटकला, मग र ची टोपी उचकटून काढली. खाली लालसर चिकट थर. त्याने बोट लावलं, वास घेतला.

“कोकम सरबत. साखर जरा जास्तच आहे.”

मोनाली हळूच म्हणाली, “काल ग्लास कलंडला होता. मी पुसलं होतं.”

“वरून पुसलं. आत साखर वाळली. की खाली जाते, वर यायला कंटाळते.”

स्पिरिटचा कापूस फिरला, थर निघाला, की-बोर्ड वाळला, वायर परत बसली. नियाजने र ला टकटक केलं. एकेकच र. तो उठला. “बसा काका.”

काका बसले. दस्ताच्या कच्च्या कागदाकडे पाहत टाइप केलं:

*श्री. महादेव यांचे घरी राहणारररर*
*जमिनीचा मालककककक*

आता तर क सुद्धा. नियाजने नवा की-बोर्ड लावला. काकांनी टाइप केलं. तेच. त्याच की-बोर्डवर नियाजने टाइप केलं. सगळं सरळ.

“बस झालं,” काका म्हणाले. “दोष हाताचा हाय. मोनाली, मी तुला सांगणारच होतो…”

“थांबा हो!” मोनाली पडद्याशी वाकली. “काका, ‘श्री’ एकदाच आलंय. ‘घरी’ एकदाच. ‘राहणार’मधला पहिला र पण एकदाच. हात कापत असता तर मधेच कुठेही आलं असतं ना? हे फक्त शेवटाला येतंय.”

काकांनी चष्मा वर केला. ओळीच्या शेवटी ते काय करतात? पुढची ओळ वाचायला कागदाकडे बघतात. आणि बोट?

बोट तिथेच. शेवटच्या अक्षरावर टेकलेलं.

“मशीनवर…” ते सावकाश म्हणाले, “जुन्या मशीनवर बोट कितीबी वेळ ठेवा. दांडी एकदाच कागदाला लागते. आमी तसंच टेकून वाचायचो. जागा चुकत नाय.”

“आणि हा दाबून ठेवलं की पुन्हापुन्हा लिहितो,” नियाज हसला. “वर कोणीतरी याला उतावळा करून ठेवलाय.” त्याने कंट्रोल पॅनेलमध्ये कीबोर्डची खिडकी उघडली. अक्षर पुन्हा उमटण्याआधी किती वेळ थांबायचं, त्याचा खटका अगदी कमीला होता. तो त्याने सरकवून जास्तीतजास्तला नेला. “आता एखादा सेकंद थांबेल. पण तुम्ही कागद वाचताय तेवढा वेळ काही थांबणार नाही. बोट उचलावं लागेल, काका.”

काकांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि आता उघडउघड पाहिले. मग बसले तसे टाइप करू लागले. कागदाकडे बघताना बोट हवेत धरून, जसं कोणी अंगठी पडेल म्हणून धरतं.

*राहणार*

*राहणार*

*राहणारर*

“दोन झाले,” काका म्हणाले.

“एक मी खोडते,” मोनाली म्हणाली, आणि सरबताचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवायला आली.

“ए बाई, तो तिकडं! खिडकीत!”