आधी माणूस, मग आडनाव

हिंगोलीच्या कॉलेजात सत्काराची यादी आली, सगळी ‘इंगोले, रत्नपाल’ अशा थाटाची. संस्थेचे सचिव वैजनाथराव कडाडले, "आडनाव काहून आधी? नवा जमाना हाय, माणूस बघायचा!" ऑपरेटर पल्लवीला हे भाषण पाठच होतं. तिनं एक्सेलमध्ये प्रत्येक नाव स्वल्पविरामाशी तोडलं, मधली मोकळी जागा पुसली आणि मागचा तुकडा पुढं जोडला. ‘रत्नपाल इंगोले’ झालं.

यादी बघून सचिवांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पयल्या रांगेत कोणाला बसवायचं, हे कळायला आता प्रत्येक नाव शेवटपर्यंत वाचावं लागून राहिलं!"

"मग पहिल्यासारखं करू का, सर?"

"न्हाई, न्हाई! नवा जमाना हाय. आडनावं तेवढी ठळक कर."