आईने थांबवलेल्या जागा

"ताई, लगेच प्ले नको! आधी फुल पुढे, मग फुल मागे," समर म्हणाला. "इतकी वर्षं टेप तशीच उभी आहे. थर चिकटले असतील, तर तुटेल."

सहा वर्षांनी भाऊ ब्रिस्टलला आला आणि पहिलं बोलला ते कॅसेटबद्दल! मंजिरीला हसूही आलं आणि रागही. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर ती दिवसभर परक्यांशी गोड बोलायची. सख्ख्या भावाशी मात्र आईच्या अंत्यविधीपासून अबोला. "आई आजारी असताना पाहुण्यासारखा यायचास, आता कशाला रडतोस?" असं तिने त्याला चारचौघांत ऐकवलं होतं. तो मुकाट्याने केंब्रिजला गेला, आईचा व्हीसीआर घेऊन. आईच्या आवडत्या विनोदी सिनेमाची कॅसेट राहिली तिच्याकडे. लहानपणीचा तो सिनेमा एकटीने बघायची सोय नव्हती, म्हणून व्हीसीआर घेऊन ये, असा तिने मेसेज टाकला. आज माफी मागायची, एवढंच तिने ठरवलं होतं. त्याची परतीची ट्रेन सहाची होती.

समरने कॅसेटची खिडकी उजेडात धरली. पांढरे ठिपके नव्हते, म्हणजे बुरशी नव्हती. नव्या टीव्हीला जुन्या केबलचं भोकच नाही, म्हणून मधे एक डबी जोडली. चित्र आलं, पण खालची पट्टी नाचत होती. त्याने ट्रॅकिंगचं बटण हळूहळू दाबत ती बसवली.

सिनेमातला चोर हवालदाराच्या घरी भाडेकरू म्हणून शिरला. दोघंही नटांच्या आधीच संवाद म्हणू लागले. तेवढ्यात पडद्यावर पांढऱ्या रेघा उसळल्या. पुढे पुन्हा, आणि नेमक्या विनोदांवरच.

"टेप खराब झाली रे?"

"पॉजने. टेप थांबते, पण आतलं हेड फिरतच राहतं, तीच जागा घासतं. आई थांबवायची ना, आपल्याला जोक समजवायला."

मंजिरीने रिमोट घेऊन पॉज दाबला. हवालदाराचा चेहरा थरथरत थांबला.

"समर, त्या दिवशी मी चुकले. तसं बोलायला नको होतं."

"आय शुड हॅव कम मोअर, ताई. मला आईला तसं बघवायचं नाही. भित्रा होतो."

"मलाच कुठे बघवायचं?"

मग दोघंही रडले, आणि एकमेकांची लाल झालेली नाकं बघून हसलेही. बरीच मिनिटं गेली असावीत. टेप झिजू नये म्हणून मशीन आपलं आपणच थांबलं आणि पडदा निळा झाला. साडेपाच वाजून गेले होते, ट्रेनसाठी निघायला हवं होतं. समरने घड्याळाकडे पाहिलं आणि प्ले दाबलं.

पुढच्या प्रसंगात चोराने हवालदाराच्या बायकोला विचारलं, "मालकांचं नाव काय?" ती पदर तोंडाला लावून लाजत राहिली. इथे मात्र चित्र स्वच्छ होतं. समरने पॉज दाबला.

"हे मला कधीच कळलं नाही. आई हसत सुटायची, एक्सप्लेन करायचंच राहायचं. नाव सांगितलं तर काय होतं तिला?"

मंजिरीने पाय वर घेऊन मांडी घातली. "अरे, आपल्याकडे पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत," ती सांगू लागली.