रिकामी भिंत आणि साडेआठ नंबर

दुकानाच्या माळ्यावर एकच भिंत रिकामी होती आणि तिच्यावर धाकट्याचा डोळा होता. बाकीच्या तिन्ही भिंती खोक्यांनी छतापर्यंत भरलेल्या. दुकान कामाच्या बुटांचं, दवाखान्यात, हॉटेलात, कारखान्यात दिवसभर उभं राहणाऱ्या माणसांसाठी. आप्पांनी ते वाढवलं आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यावर स्वतः गल्ल्याजवळच्या खुर्चीत बसून निर्णय थोरल्या लेकीवर सोपवले. थोरलीला आकडे कळत आणि माणसंही कळत, आणि आपल्याला दोन्ही कळतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिच्या या धाकट्या भावाला त्या भिंतीवर बॅगा हव्या होत्या. खांद्याला अडकवायच्या, डबा आणि पाण्याची बाटली मावेल अशा. त्याने एक व्यापारीही गाठला होता, आणि व्यापाऱ्याला आठवड्याभरात शब्द हवा होता. धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. वर्षभर बुटांची विक्री तसूभर हललेली नाही, म्हणजे या भागात जितके पाय आहेत तितके बूट आपण विकून बसलोय. आता त्याच माणसाला दुसरी वस्तू विकायची. बोलणं मुद्देसूद होतं आणि पोरगा खुशीत होता, हे थोरलीला फार दिवसांनी दिसत होतं. जिन्यात मात्र त्याने हळूच सांगितलं होतं, की हे जमलं नाही तर मित्राच्या कंपनीतली नोकरी धरेन, आप्पांच्या आणि तुझ्या हाताखाली नुसते बूट चढवून-उतरवून कंटाळा आलाय. धमकी नव्हती ती. म्हणूनच थोरलीला जास्त लागली.

तिचं मन निम्मंअधिक होकाराकडे झुकलेलं होतं. होकार देण्याआधी सवयीप्रमाणे ती विक्रीचे आकडे पाहायला बसली. सगळ्यात जास्त खपलेला माल कोणता, या यादीत पहिला काळा दवाखान्याचा बूट, दुसरा हॉटेलवाल्यांचा न घसरणारा, आणि तिसरे बुटात घालायचे मऊ सोल. गल्ल्याशेजारच्या टोपलीत पडलेले, कुणी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही ते. आधी तिला हसू आलं. मग तिने ते सोल कुठल्या बिलांवर गेलेत ते उघडून पाहिलं आणि हसू मावळलं. बहुतेक सोल नव्याकोऱ्या बुटांबरोबर गेले होते. नव्या बुटात आधीच चांगला सोल असतो. त्यावर आणखी एक कोण कशाला घालेल?

तिने आप्पांना विचारलं. आप्पांनी अभिमानाने सांगितलं. या दुकानातून कुणी ‘नाही’ ऐकून जात नाही, हा त्यांचा नेमच होता. साडेआठ नंबर संपला असेल तर नऊचा आणायचा, आत सोल घालायचा, पाय बसला की बिल करायचं. रुंद पायाचा माणूस आला तर एक नंबर वरचा द्यायचा आणि टाचेला अर्धा सोल लावायचा. दुकानातल्या प्रत्येकाला त्यांनी हे शिकवलं होतं, थोरलीलाही. तिने स्वतः असे कितीतरी जोड विकले होते आणि आपण किती हुशार म्हणून घरी जाऊन जेवली होती.

म्हणजे नऊ नंबर धडाधड खपतो असं जे आकडे वर्षभर सांगत होते, ते खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. काय विकलं गेलं ते बिलाच्या यंत्राला ठाऊक होतं. काय मागितलं होतं ते कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. आणि तेच आकडे पाहून दर वेळी नऊचीच खोकी मागवली जात होती.

तिने व्यापाऱ्याकडून थोडी मुदत मागून घेतली आणि धाकट्याला कामाला लावलं. आधी पाय मापायचा, खरा नंबर यंत्रात टाकायचा, मगच माळ्यावर जायचं. हे त्यानेच करायचं, कारण दुसऱ्या कुणी काढलेले आकडे त्याने मानले नसते. त्याने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, दुसऱ्या दिवशी मन लावून मापू लागला, आणि मुदत संपता संपता स्वतःच तिच्यासमोर येऊन बसला. दहांतल्या तिघांना त्यांचा नंबर मिळत नव्हता. त्यातून एक नवीनच गोष्ट त्याने शोधून काढली होती. जुन्या बिलांवरचे फोन नंबर एकमेकांशी ताडून पाहिले, तर सोल घालून गेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या जोडासाठी सहसा परत येत नव्हतं. बरोबर नंबर मिळालेलं येत होतं.

“विक्री थांबलेली नाही,” तो म्हणाला, “गळतेय. एका दाराने येतात, दुसऱ्याने जातात.”

“मग बॅग कुणाला विकणार होतास? जे परत येत नाहीत त्यांना?”

थोरलीने मग त्याला माळ्यावर नेलं. भिंत आज रिकामी आहे कारण सध्या मंदी आहे, ती म्हणाली. हंगामाच्या तोंडावर माल आला की याच दुकानात खोकी जिन्यावर रचावी लागतात, आणि एक बॅग तीन खोक्यांची जागा खाते. जागा मोजायची ती गर्दीच्या दिवसातली. म्हणून आत्ता या भिंतीवर साडेसात, साडेआठ असे अर्धे नंबर आणि रुंद माप, तेही फक्त सगळ्यात जास्त खपणाऱ्या चार बुटांचे. जे प्रकार वर्षभर धूळ खात बसलेत ते सवलतीत काढून टाकायचे. बॅगांना तिने नकार दिला नाही, अट घातली. नव्या बुटाबरोबर सोल जाणं बंद झालं, आणि ऐन हंगामात एक मांडणी रिकामी राहिली, की बॅगा आणायच्या.

“आणि तोवर ही भिंत कुणाची?” त्याने विचारलं.

“तुझी. काय, किती मागवायचं ते तू ठरव. मी विचारणारसुद्धा नाही.”

विचारणार नाही हे तिला जड जाणार होतं, पण ती बोलून गेली. नोकरीचं काय, हे तिने विचारलं नाही. तिला भीती वाटत होती. त्याने व्यापाऱ्याला स्वतः फोन करून सध्या नाही म्हणून सांगितलं, तेव्हा तिला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

खरी पंचाईत आप्पांची झाली. माल यायला वेळ लागणार होता, आणि तोवर साडेआठवाल्याला नऊ द्यायचा नाही असं ठरलं होतं. एक दिवस दवाखान्यातली एक नर्स पाय चोळत आत आली. धाकट्याने मापलं, साडेआठ. टोपलीतले सोल आप्पांच्या हाताशीच होते. त्यांचा हात तिकडे गेला, थांबला, परत आला. “बाई, तुमचा नंबर आज नाही,” आप्पा म्हणाले. “आला की फोन करतो.” ती निघून गेली. आप्पा बराच वेळ दाराकडे पाहत बसले, आणि थोरलीला त्यांच्यासाठी मनापासून वाईट वाटलं.

माल आला आणि पहिला फोन आप्पांनीच केला. नर्स आली, बूट घालून तिने दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि लगेच मैत्रिणीसाठी त्याच नंबराचा दुसरा जोड मागितला.

हंगाम आला, गेला. जिन्यावर एकही खोकं रचावं लागलं नाही. धाकट्याच्या भिंतीवरची खालची मांडणी ऐन गर्दीत मोकळी राहिली, कारण तो थोडं पण वेळेवर मागवत होता. जुन्या बुटांसाठी घेणारे सोडले तर सोल कुणी नेत नव्हतं. तरी बॅगांचं नाव त्याने काढलं नाही. थोरलीनेच एका दुपारी त्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि धाकट्याच्या हातात दिला.

“तू बोल,” ती म्हणाली. “भिंत तुझी आहे.”

पहिली बॅग आली तेव्हा ती कुठे टांगायची यावर दोघांचं जुंपलं. आप्पा खुर्चीतून उठले, सोलची टोपली उचलून टेबलाखाली सरकवली आणि तिच्या जागी बॅग ठेवली.