नेहमीची जागा, नेहमीची वेळ

सूचना नव्याने लिहायच्या असा हुकूम आला, तेव्हा मांदावे शहरातल्या आमच्या कॉल सेंटरात सगळ्यांना पहिली शंका आली ती नोकरकपातीची. ज्या कंपनीसाठी आम्ही हॉटेलांच्या तक्रारी ऐकतो, तिने परदेशातून कळवलं होतं की सूचना वाचून टीममधल्या कोणालाही ‘हे आपल्यासाठी नाही’ असं वाटता कामा नये. इतक्या मायेने आमच्याशी आजवर फक्त वाईट बातम्याच बोलल्या होत्या.

काम आलं ग्लेन्डा इबान्येझकडे. टीमच्या सूचना, वाढदिवसांचे केक आणि हरवलेल्या छत्र्या हे तिचं खातं. पहिलीच सूचना निघाली बास्केटबॉल स्पर्धेची, आणि ती दरवर्षी असायची तशीच होती: मुलांनो, तयार व्हा, नावं सर एल्मरकडे द्या. देखण्या मुलींनी म्यूज व्हायला पुढे यावं. बायकांनी घरून पान्सित करून आणावं. शिफ्ट सुटल्यावर सराव, नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी. सर एल्मर संघ निवडायचे. पान्सित म्हणजे परतलेल्या शेवया; म्यूज म्हणजे उद्‌घाटनाच्या दिवशी संघापुढे झेंडा धरून चालणारी मुलगी. तिने हसायचं असतं, बाकी काही करायचं नसतं.

ग्लेन्डाचा पहिला खर्डा असा होता: लिंग, वय व वैवाहिक स्थिती विचारात न घेता सर्व व्यक्तींना याद्वारे कळविण्यात येते. पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी विचारलं, पोलीस कोणाला शोधतायत? तिने तो पुसला. मग तिने एकेका ओळीला एकच प्रश्न विचारला, की हिला नेमकं हवंय काय? पहिलीला खेळाडू हवेत, मुलगे नव्हे. दुसरीला झेंडा धरणारं माणूस हवंय, देखणेपणाचा झेंड्याशी संबंध नाही. तिसरीला जेवण हवंय. तेव्हा दुसरा खर्डा झाला: खेळायचंय? सर एल्मरना नाव सांगा. झेंडा घेऊन पुढे चालायला आवडेल? तेही सांगा. जेवायला काय आणताय ते पाटीवर लिहा, म्हणजे सगळेच पान्सित आणणार नाहीत.

सरावाच्या शेवटच्या ओळीत बाया नव्हत्या, पुरुष नव्हते, कोणाचं लग्नही झालेलं नव्हतं. ती तिने होती तशीच ठेवली, आणि खाली नेहमीसारखं सर एल्मरचं नाव घातलं.

सूचना लागली आणि ऑफिसभर संशय पसरला. जुने खेळाडू म्हणाले, ‘मुलांनो’ काढलं, आता स्पर्धाच काढतील. बायका म्हणाल्या, जेवण सगळ्यांनी आणायचं म्हणजे शेवटी आपणच आणायचं, फक्त आता आभार कोणी मानणार नाही. बिलिंगच्या रिकार्तेने झेंड्यासाठी नाव दिलं. त्यावर कोणी हसलं नाही, म्हणून त्याला वाटलं, आत काहीतरी शिजतंय.

आर्लिन ताम्पुस मात्र पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. उंच, हडकुळी, वस्तीतल्या पोरांना कोर्टवर रडवणारी ही मुलगी ऑफिसच्या स्पर्धेत दरवर्षी बाकावर बसून टाळ्या वाजवायची. यंदा तिला खेळायचं होतं. आणि पहिल्या सरावाला जो नाही तो संघात नाही, हा सर एल्मरचा नियम ऑफिसात भिंतींनाही पाठ होता. ती ग्लेन्डाकडे आली.

“मॅम ग्लेन्डा, अट कुठे लपवलीय?”

“अट नाही गं, पोरी. खेळायचं असेल तर नाव दे.”

“अट नसती तर इतकं साधं लिहिलं नसतं तुम्ही.”

तरी तिने नाव दिलं. शेजाऱ्याचं पार्सल ठेवून घ्यावं, तसं सर एल्मरनी ते लिहून घेतलं.

शनिवारी सकाळी रात्रपाळी सुटल्यावर आर्लिन ऑफिससमोरच्या छपराच्या कोर्टवर गेली. तिथे एक कुत्रं झोपलं होतं. तिने बूट बांधले, उड्या मारून घेतल्या आणि वाट पाहिली. ऊन कोर्टच्या मध्यापर्यंत आलं तरी कोणी आलं नाही. कुत्र्याने मात्र तिच्यावर संशय घ्यायला सुरुवात केली.

सोमवारी सर एल्मर सगळ्यांना सांगत होते, पहिला सराव झकास झाला. आर्लिन तेवढी आली नाही. नियम सगळ्यांना सारखा आणि आता तर सूचनासुद्धा सारखीच, असंही ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण पोटभर जेवलेल्या माणसाचं.

चहाच्या खोलीत आर्लिनने ग्लेन्डाला गाठलं. ग्लेन्डाचा भाऊ बोनी याच संघात गार्डच्या जागेवर खेळायचा आणि आर्लिनही गार्डच खेळायची. इतकं जुळल्यावर पुरावा मागायची गरज नव्हती.

“भावाची जागा वाचवलीत ना, मॅम? निदान तोंडावर सांगायचं होतं.”

“गेली होतीस कुठे तू?”

“समोरच्या कोर्टवर. नेहमीची जागा.”

ग्लेन्डाने कप खाली ठेवला. तिलाही तेच कोर्ट वाटत होतं. इतकी वर्षं ती सूचना लावत आली होती आणि सरावाला कधी गेली नव्हती.

तिने बोनीला विचारलं. कोर्ट होतं सान रोकेच्या चॅपलमागे. वेळ शिफ्ट सुटल्या-सुटल्याची नव्हे. आधी कोपऱ्यावर सगळे लुगाव, म्हणजे तांदळाची गरम पेज, खायचे, तिथून मिळून जायचे. कधीपासून? बोनी म्हणाला, तो नोकरीला लागला तेव्हापासून तसंच.

आता संशयाची पाळी ग्लेन्डाची. हा एल्मरचाच डाव, असं मनात धरून ती त्यांच्या टेबलाशी गेली. पण सर एल्मर खरोखरच बुचकळ्यात पडले.

“यात लपवायचं काय? जागा सगळ्यांना माहितेय.”

“सगळ्यांना म्हणजे कोणाला, सर?”

“सगळ्यांना. म्हणजे... आम्हाला.”

बोलून झाल्यावर आपलंच वाक्य ते थोडा वेळ चघळत बसले. ग्लेन्डाने तेवढ्यात सांगितलं, की सूचना अर्धवट होती, चूक लिहिणारीची. तेव्हा तो सराव पहिला धरता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा असेल, तर पत्ताही सगळ्यांना सारखाच हवा. सर एल्मरनी विचारलं, हे वरून आलंय का? ती म्हणाली, नाही. त्यांना ते पटलं नाही. वरूनच आलं असणार अशी त्यांची खात्री झाली, आणि म्हणूनच ते कबूल झाले.

नवी सूचना लांब झाली, पण कोणाला काही विचारावं लागणार नव्हतं. कोर्ट चॅपलमागचं, जीपनीतून पाण्याच्या टाकीशी उतरा. शनिवारी सकाळी सात. हाच पहिला सराव. त्याआधी कोपऱ्यावर लुगाव, सोबत हवी असेल तर तिथे या. कपडे बदलायला चॅपलचा हॉल, किल्ली ग्लेन्डाकडे. याआधी खेळला नसाल तरी चालेल.

आर्लिनने ती वाचली. मग शुक्रवारी ती आपण होऊन पाण्याच्या टाकीशी उतरली आणि कोर्ट खरंच आहे का, ते पाहून आली.

शनिवारी कोर्टवर गर्दी होती. आर्लिन होती, रात्रपाळीच्या आणखी दोघी होत्या, आणि ज्यांना कोणी कधी अडवलं नव्हतं असे चार-पाच पुरुषही होते. रिकार्ते आखूड विजार घालून आला होता. तो म्हणाला, मला वाटायचं हे जुन्या लोकांचं खासगी काहीतरी असतं, विचारलं तर राग येईल.

सर एल्मर ग्लेन्डाच्या कानाशी आले.

“एवढी माणसं कोणी बोलावली?”

“तुम्हीच, सर. खाली तुमचं नाव आहे.”

त्यांनी गर्दीकडे पाहिलं, आपल्या जुन्या पोरांकडे पाहिलं. बोनी बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होता. मग सर एल्मरनी चेंडू उचलला आणि आर्लिनकडे फेकला.

तिने तो झेलला. आधी दोन्ही हातांनी दाबून हवा आहे का ते बघितलं, मग खेळायला लागली.